तोंड कोरडं, डोळ्यांत कचकच: तपासणी कधी करायची आणि नेमकी कोणती मागायची

विदर्भात वैशाखात तोंड सुकलं म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही, आणि जायचं कारणही नसतं. घाम गेला की घशाला कोरड पडते, लघवी पिवळीजर्द होते, माठातलं दोन तांबे पाणी पोटात गेलं की जीभ पुन्हा ओली होते. पण काही जणांचं, विशेषतः चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचं, तोंड भर श्रावणातही कोरडंच असतं. घोट खाली उतरतो आणि पाच मिनिटांत जीभ टाळूला चिकटते. त्यांच्या अंगात पाणी पुरेसं असतं, कमी पडते ती लाळ. आणि त्याच वेळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, तर लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी एकाच कारणाने आटल्यात का, हा प्रश्न विचारायला हवा.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच या ग्रंथींवर चाल करून जाते, त्या आजाराला शोग्रेन सिंड्रोम म्हणतात. हेनरिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात तो नीट मांडला. पुरुषांनाही होतो, पण दर १० रुग्णांत साधारण ९ बायका असतात. कोरडं तोंड आणि कोरडे डोळे असलेल्या बहुतेकांना मात्र हा आजार नसतो. म्हणून थेट रक्ततपासणीकडे न धावता ओळीने जायचं. खाली तीच ओळ दिली आहे, आणि सोबत एक उदाहरण चालवू: वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातली, ४६ वर्षांची, कापूस वेचायला जाणारी बाई. ती खरी कुणी नाही, पण असे पेशंट ओपीडीत बघायला मिळतात. तिला आपण ताई म्हणू.

पहिली पायरी: तक्रार नीट ऐका

डॉक्टर मंडळी या आजारासाठी जे प्रश्न विचारतात ते साधे आहेत. ३ महिन्यांहून जास्त काळ रोज डोळे कोरडे वाटतात का? डोळ्यांत वारंवार खडे किंवा वाळू असल्यासारखं वाटतं का? डोळ्यांत ओलाव्याचे थेंब दिवसातून ३ पेक्षा जास्त वेळा घालावे लागतात का? ३ महिन्यांहून जास्त काळ रोज तोंड कोरडं असतं का? कोरडं अन्न गिळताना सारखं पाणी लागतं का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असलं तरी पुढे जायला हरकत नाही. तोंड आणि डोळे दोन्हींना ‘हो’ आलं तर जायलाच हवं.

अडचण अशी की आपल्याकडे ‘माझं तोंड कोरडं पडतं’ असं म्हणत कुणी येत नाही. ताई म्हणते, ‘भाकर पाण्याबिगर उतरतच नाही, अन् ठेचा तर आता जिभेले लावू देत नाही.’ ठेच्याची सवय जन्माची, आणि दोन वर्षांपासून साधं तिखट वरणही झोंबतं. दुसरी खूण दातांत असते. ताईचे दात हिरडीलगत, मुळाशी किडले आणि दोन वर्षांत चार काढावे लागले. लाळ दात धुत असते, ती आटली की कीड नेमकी तिथे लागते. तिसरी खूण मी मुद्दाम विचारतो: रडू आलं तर डोळ्यांत पाणी येतं का? ‘माय गेली तवाबी डोळे सुकेच होते,’ असं उत्तर आलं की कान टवकारायचे.

याखेरीज कानाखाली, गालाच्या मागच्या बाजूला सूज येऊन जाते का, सांधे दुखतात का, आराम करूनही थकवा जात नाही का, नडगीवर लाल-जांभळे ठिपके उठतात का, हेही विचारून लिहून ठेवा.

दुसरी पायरी: गावातली नेहमीची कारणं आधी बाजूला काढा

पहिलं कारण खर्रा. सुपारी-तंबाखू-चुन्याने तोंड जळजळतं, गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होते आणि जबडा उघडेनासा होतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे आडवी सरकवून बघा. ती जात नसतील तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, कारण तो आजार वेगळा आहे आणि त्यातून कॅन्सरही होतो. त्यात डोळ्यांना काही होत नाही, हा मोठा फरक. बायकांना विचारताना खर्रा म्हणून थांबू नका. मिश्री, गुडाखू, नुसती सुपारी यांची नावं घेऊन विचारलं तरच उत्तर मिळतं.

दुसरं कारण औषधं, आणि हे सगळ्यात जास्त निसटतं. अंगदुखीसाठी किंवा झोपेसाठी रात्री दिलेली अॅमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, पोटातल्या मुरड्यासाठी डायसायक्लोमिन, लघवीचा वेग आवरणाऱ्या गोळ्या, यांनी तोंड आणि डोळे दोन्ही सुकतात. घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पाकिटांसकट, पिशवीत भरून डॉक्टरसमोर ओता. ताईला अंगदुखीसाठी वर्षभर अॅमिट्रिप्टिलिन चालू होती. डॉक्टरांनी ती हळूहळू बंद केली. महिनाभराने तोंड थोडं सुधारलं, पण भाकरीला पाणी लागायचं थांबलं नाही, आणि डोळे तसेच. गोळीचा वाटा होता, पण सगळा दोष तिचा नव्हता. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास देतात.

तिसरं कारण साखर. रात्री पाण्याला उठणं आणि लघवीला उठणं बरोबर चालत असेल तर आधी साखर बघा. इथे आपल्या भागापुरती एक गोष्ट लक्षात ठेवावी. विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, आणि सिकलसेल असलेल्या माणसात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी फसवू शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर जास्त भरवशाची.

फवारणीबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून लिहितो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा झाली तर उलटं घडतं: तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, घाम फुटतो. महिनोन्‌महिने चाललेल्या कोरडेपणाचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. उलट लाळ गळायला लागली तर ती तातडीची गोष्ट आहे, लगेच दवाखाना गाठा.

हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, किंवा पूर्वी मान-चेहऱ्याला दिलेला रेडिएशनचा शेक यांनीही हेच चित्र उभं राहतं. पहिल्या दोन्हींची तपासणी सरकारी दवाखान्यात होऊ शकते, ती या टप्प्यावरच उरकून घ्यावी.

तिसरी पायरी: लाळ मोजा

हे घरी करता येतं, आणि कोरडेपणा मनाचा नाही हे घरच्यांना दाखवायलाही उपयोगी पडतं. सकाळची वेळ घ्या. आधी किमान तासभर खाणं, चहा, पाणी, दात घासणं, तंबाखू, काहीच नको. ताठ बसा, एकदा लाळ गिळून टाका आणि घड्याळ लावा. पुढची १५ मिनिटं गिळायचं नाही, बोलायचं नाही, चघळायचं नाही. मान थोडी पुढे झुकवून तोंडात जमेल तेवढी लाळ छोट्या वाटीत सोडत राहा. जोर लावून थुंकलं की लाळ जास्त सुटते, मोजणी बिघडते. फेस बसू द्या आणि मेडिकलमधून आणलेल्या सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून बघा.

१५ मिनिटांत दीड मिली किंवा त्याहून कमी, म्हणजे मिनिटाला ०.१ मिलीच्या आत, भरली तर लाळ खरोखर कमी आहे. ताईची ०.८ मिली भरली. आकडा दीडच्या आसपास घुटमळला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. उन्हात राबून आल्यावर किंवा उपासाच्या दिवशी ही मोजणी करू नये. आणि घरचा आकडा हा अंदाज आहे, डॉक्टर तो स्वतः पुन्हा मोजतील.

चौथी पायरी: डोळ्यातली पट्टी

याला शर्मर तपासणी म्हणतात. गाळण कागदाची अरुंद पट्टी टोकाला दुमडून खालच्या पापणीत, बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि ५ मिनिटांत ओल किती मिलिमीटर चढली ते बघतात. ५ मिमी किंवा कमी म्हणजे कोरडा. ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डोळ्यांच्या विभागात विचारा. पट्टी साधी आहे, महागडं यंत्र लागत नाही. बधिर करणारा थेंब न टाकता ही तपासणी करायची असते. थेंब टाकला तर येणारा आकडा वेगळा असतो, म्हणून अहवालावर ‘थेंबाशिवाय’ असं लिहून घ्या. ताईच्या उजव्या डोळ्यात ३ मिमी, डाव्यात ६. एका डोळ्यात कमी भरली तरी ती धरतात.

जमलं तर डोळ्याच्या पृष्ठभागाची झीज दाखवणारी रंगाची तपासणीही करून घ्या. आणि एक विनंती: मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे’ म्हणून मिळणारे थेंब महिनोन्‌महिने घालू नका. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं, म्हणून बरं वाटतं, आणि त्यातूनच पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

पाचवी पायरी: रक्त, आणि नेमकं काय मागायचं

लोकांचे पैसे आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

आधी स्वस्तातल्या तपासण्या: रक्ताची पूर्ण मोजणी, शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासणीत येणारी प्रथिनं. यातली प्रथिनं कुणी बघतच नाही. अहवालात ‘टोटल प्रोटीन’ आणि ‘अल्ब्युमिन’ असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा. उरतं ते ग्लोब्युलिन, आणि ते साधारण ३.५ च्या आत असायला हवं. ताईचं टोटल प्रोटीन ९.१, अल्ब्युमिन ३.८, म्हणजे ग्लोब्युलिन ५.३. ईएसआर ६८, म्हणजे चढलेला, आणि सीआरपी मात्र नॉर्मल. शोग्रेनमध्ये अशी जोडी वारंवार दिसते, कारण शरीर अँटिबॉडी भरमसाट बनवत असतं. एवढ्यावर निदान होत नाही. क्षयरोग, यकृताचे जुने आजार, मायलोमा नावाचा रक्ताचा कॅन्सर यांतही ग्लोब्युलिन चढतं. पण कोरडं तोंड, कोरडे डोळे आणि चढलेलं ग्लोब्युलिन एकत्र आलं की पुढचा खर्च करण्याजोगा ठरतो.

पुढचा खर्च म्हणजे एएनए, असं बहुतेकांना वाटतं. एएनए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी ढोबळ चाळणी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी चुकते. १:४० इतक्या सौम्य पातळीवर ती साधारण १० पैकी ३ निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते, १:१६० वर १०० पैकी ५ जणांत. तेवढ्यावरून कुणी ‘तुम्हाला ऑटोइम्यून आहे’ म्हणालं तर घाबरू नका. उलट बाजू जास्त घातक आहे. शोग्रेनमधली मुख्य अँटिबॉडी अँटी-एसएसए, जिला अँटी-रो असंही म्हणतात, ती रक्तात असूनही एएनए निगेटिव्ह येऊ शकते. ज्या पेशींवर एएनए बघतात त्यांच्यातलं रो प्रथिन तयारी करताना धुऊन निघून गेलेलं असतं. ताईचं एएनए निगेटिव्हच आलं. बरेच पेशंट इथूनच घरी परततात.

म्हणून चिठ्ठीवर अँटी-एसएसए हे नाव वेगळं लिहून घ्या. लॅबवाले बहुधा अनेक अँटिबॉडींची एकत्र पट्टी करतात. तिच्यात रो-६० आणि रो-५२ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. शोग्रेनसाठी वजन आहे ते रो-६० ला. नुसती रो-५२ ही स्नायूंच्या, फुप्फुसांच्या, यकृताच्या इतर आजारांतही दिसते. एखादी ओळ फक्त एका ‘+’ इतकी फिकी असेल तर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासायला सांगा. नुसती अँटी-ला, जिला एसएसबी म्हणतात, ती रो शिवाय एकटी आली तर तिच्यावर फारसं काही ठरत नाही. ताईची रो-६० ठळक आली.

आता गुण जोडू. संशोधनासाठी २०१६ साली ठरलेले निकष आहेत आणि डॉक्टर निदानाला आधार म्हणून तेच बघतात. अँटी-एसएसएला ३ गुण, ओठाच्या तुकड्याच्या तपासणीला ३, आणि शर्मर, लाळ, डोळ्याची रंगाची तपासणी यांना प्रत्येकी १. एकूण ४ हवेत. ताईचे ३ अधिक १ अधिक १, म्हणजे ५. हा हिशेब नीट बघितला तर एक गोष्ट उघड होते: कोरडेपणाच्या तिन्ही तपासण्या बिघडल्या तरी ३ च गुण होतात. ग्रंथी कितीही आटलेल्या असोत, त्यामागे प्रतिकारशक्तीच आहे हे रक्तातून किंवा ओठातून दिसावंच लागतं.

सहावी पायरी: रक्त निगेटिव्ह आलं तर ओठ

शोग्रेनच्या दर तीन रुग्णांत साधारण एकाची अँटी-एसएसए निगेटिव्ह असते. लाळ खरोखर कमी भरली, शर्मर कमी आला, औषध-साखर-खर्रा हे सगळं बाजूला निघालं आणि तरीही रक्त निगेटिव्ह, तर खालच्या ओठाच्या आतून छोट्या लाळग्रंथी काढून तपासतात. नुसता ‘तोंड सुकतं’ एवढ्या तक्रारीवर हे करू नये.

जागा बधिर करून लहानसा छेद घेतात, चार-सहा दाण्याएवढ्या ग्रंथी काढतात, एक-दोन टाके पडतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. काहींना ओठाचा तेवढा भाग बरेच दिवस बधिर राहतो, क्वचित कायमचा. हे आधी सांगून घ्यावं. वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. ओपीडीची वेळ आणि तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट कोण, हे आधी विचारूनच एसटीत बसा.

अहवालात ‘फोकस स्कोअर’ हा शब्द आणि आकडा असायला हवा, १ किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. ‘जुनाट सूज’ एवढंच लिहून आलं तर ते पुरेसं नाही. तशी सूज वयाने आणि तंबाखूनेही दिसते. तुकडा ठेवलेली काच पुन्हा वाचून घेता येते, ओठ पुन्हा कापायची गरज नसते. आणि आधी कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर सांगा, त्यांनी अहवाल फिका येऊ शकतो.

कुठे थांबायचं नाही

ही ओळ सावकाश चालायची असली तरी काही गोष्टी दिसल्या तर सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं. अचानक पाय लुळे पडणं, पलंगावरून उठता न येणं ही त्यातली पहिली. शोग्रेन मूत्रपिंडात शिरला की पोटॅशियम घसरू शकतं, आणि काही बायकांना आपला आजार पहिल्यांदा कळतो तो असा, कोरडेपणाची तक्रार कधीच न करता. लकवा समजून मालीश करत बसू नका. रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी लगेच करायला सांगा.

कानाखालची गाठ महिनाभर उतरली नाही, एकाच बाजूची आणि टणक असली, सोबत ताप, वजन घटणं किंवा मानेत-काखेत गाठी असल्या, तर लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची तपासणी व्हायला हवी. शोग्रेनमध्ये तो धोका इतरांपेक्षा जास्त असतो, जरी बहुतेक रुग्णांना तो कधीच होत नाही.

आणि अँटी-एसएसए पॉझिटिव्ह असलेली मुलगी गरोदर असेल, किंवा राहायचं ठरवत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला ते पहिल्याच भेटीत सांगा. ही अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि १०० पैकी साधारण २ बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. त्यासाठी १६ ते १८ आठवड्यांपासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करत राहतात. आधीच्या बाळाला असं झालं असेल तर धोका बराच वाढतो, आणि तेव्हा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी सुरू ठेवतात. आशाताईंनी हे गरोदरपणाच्या कार्डावर ठळक लिहून द्यावं.

निदान होईपर्यंत

डोळ्यांत कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे साधे थेंब, दिवसातून चार वेळा. कूलरची हवा थेट तोंडावर नको, वेचणीला जाताना चष्मा किंवा डोळ्यांभोवती ओढणी. पाणी घोट घोट, जवळ बाटली ठेवून. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, दिवसभर गूळ-साखरेचा चहा पिणं आणि गोड गोळ्या चघळणं बंद, साखर नसलेला च्युइंगगम चालेल. जीभ लाल गुळगुळीत होऊन जळजळली, ओठांचे कोपरे फाटले, तर ती बहुधा बुरशी असते आणि तिच्यावर वेगळं औषध मिळतं. लाळ वाढवणारी पिलोकार्पिनची गोळी डॉक्टरच ठरवतील. दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही.

ताईला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झाली, मुख्यतः सांध्यांसाठी. तोंडाच्या कोरडेपणावर तिचा उपयोग कमी, हे तिला आधीच सांगितलं होतं, नाहीतर महिन्याभरात गोळी बंद झाली असती. गोळी सुरू होताना डोळ्याच्या पडद्याची एक तपासणी झाली, आणि पाच वर्षांनंतर ती दरवर्षी करायची आहे. सहा महिन्यांनी रक्ताची मोजणी, लघवी, पोटॅशियम आणि ग्लोब्युलिन पुन्हा बघायचं ठरलंय. जुने अहवाल तिने एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेत, रो-६० चा कागद सगळ्यात वर.